मायनस एफ ऑफ झिरो

लाप्लास वारला १८२७ च्या मार्चमध्ये. ओहमचं पुस्तक, ज्यात विद्युतप्रवाहाचा तो प्रसिद्ध नियम आहे, तेही १८२७ सालचंच. म्हणजे ज्याच्या नावाने आपण सर्किट सोडवतो त्या माणसाने आयुष्यात एकही सर्किट सोडवलं नाही. त्याला ही इंटिग्रल्स लागली ती संभाव्यतेच्या गणितात. तरीही आमच्या धाराशिवच्या तेरणा अभियांत्रिकीत काय किंवा मुंबई-पुण्यात काय, दुसऱ्या वर्षाच्या पोरांना लाप्लास म्हटलं की आर, एल, सी आठवतात. हे कसं झालं, याचा नाद मला पंचवीसेक वर्षांपूर्वी लागला, आणि तो लागला माझ्या एका घोडचुकीमुळे.

गावाकडे माझा चुलतभाऊ मोटारी रिवाइंड करतो. विहिरीवरच्या पंपाला 'ऑटो' बसवायची तेव्हा नुकतीच सुरुवात झाली होती. लाइट आली की मोटार आपोआप चालू, मग ती रात्री दोनला का येईना. त्याच्याकडच्या एका ऑटोत बारा व्होल्टचा रिले होता. तो रिले बंद करणाऱ्या खटक्याच्या टोकांवर दर वेळी निळी ठिणगी पडायची आणि टोकं काळी व्हायची. उपाय सगळ्यांना माहीत होता, खटक्याला समांतर एक कंडेन्सर. प्रश्न एवढाच की किती व्होल्टचा. मी नुकताच शिकवायला लागलो होतो, हात शिवशिवत होते. वहीत लाप्लास मांडला, उत्तर आलं बावीस व्होल्टच्या आत. म्हटलं, पन्नासचा घाल, दुपटीहून जास्त आहे.

तो म्हणाला, "दादा, पन्नासचा इथं टिकत नसतोय. अडीचशेचा घालू."

मी पन्नासचाच घालायला लावला. महिनाभरात तो गेला.

चूक कुठे झाली ते कळायला ती मांडणी पुन्हा पाहू. आकडे हिशोबाला सोयीचे घेतो: कॉइलचा रोध १०० ओहम, इंडक्टन्स ०.५ हेन्री, कंडेन्सर १ मायक्रोफॅरड. खटका लावलेला असताना कॉइलमधून १२ भागिले १००, म्हणजे ०.१२ अँपिअर वाहतो आहे. कंडेन्सर खटक्याला समांतर, म्हणून त्याच्यावर शून्य व्होल्ट. खटका उघडला की वाट उरते ती एकच: बॅटरी, कॉइल, कंडेन्सर. समीकरण कुणीही लिहील:

```
L di/dt + R i + (1/C) ∫ i dt = 12
```

मी काय केलं? `di/dt` च्या जागी `s I` लिहिलं, बाराच्या जागी `12/s`, आणि पुढे गेलो. मिळालं `I = 24/(s² + 200s + 2000000)`. छान साइन लाट येते, आणि कंडेन्सरवरचा व्होल्टेज २१.६ पर्यंत चढून हळूहळू बारावर स्थिरावतो. दिसायला देखणं उत्तर, म्हणूनच मी फसलो.

ही चूक मी दर वर्षी उत्तरपत्रिकांत पाहतो, आणि तिला वंशपरंपरा आहे. `d/dt` ऐवजी एक अक्षर लिहून बीजगणित करायची युक्ती सर्किटांच्या जगात रुजवली ती ऑलिव्हर हेविसाइडने. लाप्लासपेक्षा मला हाच माणूस जास्त आवडतो. १८५० साली लंडनच्या गरीब वस्तीत जन्म, कानाने अधू, कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. तारायंत्राच्या शोधकांपैकी एक व्हीटस्टन हा त्याच्या मावशीचा नवरा, त्या ओळखीने तारखात्यात लागला. चोविसाव्या वर्षी नोकरी सोडली, आणि पुन्हा कुठेही केली नाही. मॅक्सवेलची आज आपण पाठ करतो ती चार समीकरणं मुख्यतः त्याने घासून-पुसून त्या रूपात आणली.

हेविसाइडचं पहिलं भांडण पोस्टखात्याच्या प्रीस या बड्या इंजिनिअरशी. प्रीस म्हणे, टेलिफोनच्या तारेतला इंडक्टन्स म्हणजे शत्रू. हेविसाइडने १८८७ मध्ये गणिताने दाखवलं की इंडक्टन्स योग्य प्रमाणात वाढवला तर आवाज उलट कमी विकृत होतो. प्रीसने आपलं वजन वापरून त्याचं लिखाण अडवलं. पुढे अमेरिकेत तारांमध्ये कॉइली घालून दूरवरचे टेलिफोन चालले, पैसे इतरांना मिळाले.

दुसरं भांडण आपल्या विषयाचं. हेविसाइड `d/dt` ला `p` म्हणायचा आणि बिनदिक्कत त्याने भागायचा. कॉइलला अचानक `E` व्होल्ट लावला तर त्याची मांडणी अशी:

```
i = E/(R + Lp) = (E/R) [ R/(Lp) − (R/(Lp))² + ... ]
```

आता `1/p` म्हणजे इंटिग्रेट करणे. एकदा केलं की `t`, दोनदा केलं की `t²/2`. तशी मालिका भरत गेलं की `(E/R)(1 − e^(−Rt/L))` समोर उभं राहतं. दोन ओळींत काम खलास. या ऑपरेटरांवरचे त्याचे पहिले दोन लेख रॉयल सोसायटीने १८९३ मध्ये छापले. सोसायटीच्या सदस्याचा लेख सहसा परीक्षकाकडे जात नसे. १८९४ मध्ये तिसरा लेख आला तेव्हा मात्र तो गेला, बर्नसाइड या नामांकित गणितज्ञाकडे, आणि लेख साभार परत. गणितज्ञांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ऑपरेटरने भागणं केव्हा चालतं, मालिका केव्हा खरी, याचा पत्ता नव्हता. पण ज्याची उत्तरं बरोबर येत आहेत त्याच्यासाठी दार बंद करण्याऐवजी ती बरोबर का येतात हे शोधायला बसावं, हे त्यांना सुचलं नाही, याचा मला अजून राग आहे. ते काम ब्रॉमविचने १९१६ मध्ये केलं. कार्सनने १९२० च्या दशकात दाखवलं की हेविसाइडच्या `p` च्या मागे एक इंटिग्रल दडलंय, आणि ते लाप्लासच्या घराण्यातलं आहे. १९३७ मध्ये जर्मनीत डोएचचं पुस्तक आलं आणि पद्धतीवर लाप्लासचं नाव पक्कं झालं. हेविसाइड १९२५ मध्येच गेला होता.

या नामांतरात एक गोष्ट खरोखर पदरात पडली. हेविसाइडची रीत मुळात झोपलेल्या सर्किटासाठी बेतलेली होती: शून्य वेळेला सगळं शांत, मग अचानक व्होल्टेज. आधीपासून प्रवाह वाहत असेल तर `p` ला ते आपोआप कळत नाही, ते वेगळं सांगावं लागतं. लाप्लासच्या इंटिग्रलला मात्र कळतं. कसं, ते एकदा हाताने करून पाहा. `f'` ला `e^(−st)` ने गुणा, शून्यापासून अनंतापर्यंत इंटिग्रेट करा, पार्ट्सने:

```
∫ f' e^(−st) dt = [f e^(−st)] + s ∫ f e^(−st) dt
               = s F(s) − f(0)
```

कंसातलं वरचं टोक मरतं, कारण `e^(−st)` ते चिरडून टाकतो (`f` त्याहून वेगाने वाढत नसेल तर). खालचं टोक उरतं, `−f(0)`. इंटिग्रल शून्यापासून सुरू होतं म्हणून शून्याच्या क्षणी सर्किटात जे होतं ते हिशोबात येतंच. पोरं सूत्र पाठ करतात आणि हे शेपूट विसरतात, कारण वर्गातल्या बहुतेक उदाहरणांत ते शून्य असतं. मीही विसरलो होतो.

आता माझं गणित दुरुस्त करू. कॉइलच्या पदात `L(sI − 0.12)` येतं. कंडेन्सरवर सुरुवातीला काही नाही, म्हणून त्याचं शेपूट शून्य.

```
I(s) = (0.12 s + 24)/(s² + 200 s + 2000000)
```

खालच्या पदावलीचा पूर्ण वर्ग करा: `(s + 100)² + 1990000`. वरचं `0.12(s + 100) + 12` असं फोडा. फोडणी अशीच हवी. नुसतं `0.12 s` कोसाइनचं म्हणून उचललं तर शिफ्ट चुकतो. १९,९०,००० चं वर्गमूळ सुमारे १४११, म्हणून

```
i(t) = e^(−100t) [0.12 cos 1411t + 0.0085 sin 1411t]
```

जुन्या उत्तरात फक्त साइन होती. कोसाइन हा शेपटातून आला, आणि साइनच्या चौदापट मोठा आहे. खरा खेळ त्याचाच. हाच प्रवाह कंडेन्सरवर भरला की साधारण १.१६ मिलिसेकंदांनी व्होल्टेज ८७.५ ला पोचतो. बारा व्होल्टच्या बॅटरीवर! कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा दुसरीकडे जाणार कुठे? पुढच्या झोक्यात तो उलट बाजूला उणे ४८ पर्यंत जातो. माझा कंडेन्सर पन्नासचा, तोही इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे एकाच दिशेने जोडायचा. तो महिनाभर टिकला हेच नवल. चुलतभावाचा अडीचशेचा पॉलिस्टर होता, त्याला दिशा नसते.

आणि कंडेन्सर घातलाच नाही तर? खटका उघडला की प्रवाह एकदम शून्य, म्हणून `I = 0`. कॉइलवरचा व्होल्टेज `L(sI − 0.12)`, म्हणजे `−0.06`. नुसता स्थिरांक. त्याचा इन्व्हर्स म्हणजे इंपल्स: शून्य वेळात ०.०६ व्होल्ट-सेकंदाचा तडाखा, उंचीला अंत नाही. प्रत्यक्षात तेवढी उंची गाठण्याआधी हवा फुटते आणि टोकांमध्ये निळी रेघ दिसते. शेतातली ती ठिणगी म्हणजे `−f(0)`.

बीजगणिताच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. रिलेची पट्टी सुटते तेव्हा गाभ्यातली फट वाढते आणि इंडक्टन्स ०.५ राहत नाही. स्थिर सहगुणकांचं समीकरण तिथे अंदाज ठरतं, आणि आकड्याच्या दुपटी-तिपटीचा कंडेन्सर घ्यायचं तेही एक कारण. खटका पुन्हा लावताना भरलेला कंडेन्सर थेट टोकांतून रिकामा होतो आणि टोकं चिकटू शकतात, म्हणून त्याला मालेत थोडा रोध घालतात. आज नव्या ऑटोत खटक्याऐवजी ट्रान्झिस्टर आणि कॉइलला उलटा डायोड असतो. त्याचा हिशोब याहून सोपा आहे, पण शेपटाशिवाय तोही होत नाही.

माझी चूक अर्ध्या मिनिटात सापडली असती. इन्व्हर्स काढण्याआधी `s I(s)` घ्या आणि `s` अनंताकडे न्या. सुरुवातीचा प्रवाह मिळतो. माझ्या पहिल्या उत्तराने दिला असता शून्य. पण कॉइलमधला प्रवाह एका क्षणात ०.१२ वरून शून्यावर उडी मारू शकत नाही, म्हणजे उत्तर तिथेच रद्द. दुरुस्त उत्तर देतं बरोबर ०.१२. दुसऱ्या टोकाला, कंडेन्सरच्या `s V(s)` मध्ये `s` शून्याकडे नेला तर शेवटचा व्होल्टेज बारा यायला हवा, आणि येतो. मात्र इथे जपा: चुकीच्या उत्तरातही तो बाराच येतो. शेवट जुळला म्हणून सुरुवात जुळली असं होत नाही, म्हणून तपासायचं ते आधी अनंताचं टोक.

यंदा एम-थ्रीला बसणाऱ्यांनी एवढं करावं: सर्किटाचं समीकरण दिसलं की लाप्लास घेण्याआधी वहीच्या समासात दोन आकडे लिहावेत, कॉइलमधला प्रवाह आणि कंडेन्सरवरचा व्होल्टेज, खटका हलण्याच्या आधीचे. ते शून्य असतील तर शून्य लिहावं, पण लिहावं. चुलतभावाला हे गणित मी अजून दाखवलेलं नाही. अडीचशेचा कंडेन्सर मात्र ते जुनं ऑटो भंगारात जाईपर्यंत शाबूत होता.