भित्तिपत्रकावरील घडी आणि खंडित अक्षर

जुन्या भित्तिपत्रकाच्या छायाचित्रात घडी अक्षरांवरून गेलेली असेल, तर दिसणारी रेघ शाईची की कागदाची, हे प्रथम ठरवावे लागते. 1916 साली रंगभूमीवर आलेल्या ‘संगीत स्वयंवर’ या नाटकाचे भित्तिपत्रक उदाहरणादाखल घेऊ. ‘स्वयंवर’मधील दुसऱ्या ‘व’च्या पोटातून तिरपी घडी गेली, की तो ‘ब’ भासू लागतो. ‘ब’ची तिरपी रेघ मात्र पोटातच संपते, घडीची रेघ अक्षराबाहेर कोऱ्या कागदावरही चालू राहते.

एवढे ठरले तरी लगेच रेघ ओढू नये. घडीत कागदाची बारीक पट्टी मुडपलेली असते आणि त्यामुळे शिरोरेषेचे तुकडे वरखाली होतात. ते एका ओळीत येईपर्यंत छायाचित्राचे दोन्ही भाग संगणकावर सरकवावेत. मग तुटलेला अंश पहिल्या ‘व’वरून घ्यावा. त्यास अर्ध्या ‘स’ची आडवी रेघ भिडलेली असते, तिचा अवशेष सोबत येऊ देऊ नये. सबंध अक्षर उचलणे सोपे खरे. परंतु हाताने रेखाटलेले दोन ‘व’ तंतोतंत सारखे नसतात, त्यामुळे नक्कल उघडी पडते. खिळ्यांच्या छपाईत मात्र त्याच मापाचा दुसरा ‘व’ बिनदिक्कत चालतो.

‘स्वयंवर’ हा शब्द परिचित आहे. एखाद्या अप्रसिद्ध नटाच्या आडनावातील ‘व’ किंवा ‘ब’चे पोटच फाटून गेले असेल, तर अर्थाचाही आधार उरत नाही. तेथे खंड तसाच ठेवावा.