डॉक्टरांना मेल लिहिताना

‘सर, तुमच्या क्लिनिकला दरमहा पन्नास नवे पेशंट मिळवून देतो. पैसे फक्त आलेल्या पेशंटमागे द्या.’ डिजिटल मार्केटिंग करणाऱ्या फ्रीलान्सरचा असा मेल जिम किंवा केक शॉपच्या मालकाला आला, तर तो निदान भाव तरी विचारेल. स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरने हा सौदा मान्य केला, तर त्याच्यावर वैद्यक परिषदेत तक्रार होऊ शकते. लिहिणाऱ्याच्या हे गावीही नसतं. त्याने नेहमीचाच मजकूर पाठवलेला असतो.

डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाचे भारतीय वैद्यक परिषदेचे नियम २००२ सालचे आहेत. समाजमाध्यमांचाही विचार करणारे नवे नियम ऑगस्ट २०२३ मध्ये आले, पण त्याच महिन्यात त्यांना स्थगिती मिळाली आणि २००२ चेच पुन्हा लागू झाले. रुग्णांना प्रत्यक्ष किंवा आडवळणाने आपल्याकडे ओढणं हे त्या नियमांनुसार अनैतिक वर्तन आहे. आपलं कौशल्य, पदव्या, सन्मान यांच्याकडे लक्ष वेधणारी प्रसिद्धी डॉक्टरने करू नये. पेशंट पाठवल्याबद्दल कोणालाही कमिशन देऊ नये आणि पेशंट आणण्यासाठी दलाल ठेवू नयेत. ‘पैसे फक्त आलेल्या पेशंटमागे’ ही अट फ्रीलान्सरला जोखीम वाटून घेणारी, प्रामाणिक वाटते. डॉक्टरला तिच्यात कमिशन दिसतं, आणि माझ्या मते ते बरोबरच दिसतं.

पण याच नियमांनी एक दार उघडं ठेवलं आहे. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, काही दिवस बाहेरगावी असल्याने दवाखाना बंद राहील, पुन्हा सुरू झाला, आपली फी किती आहे, असं साधं निवेदन डॉक्टर वर्तमानपत्रात देऊ शकतो. म्हणजे आधीच शोधत असलेल्या माणसाला खरी माहिती देणं हे ओढून आणण्याहून वेगळं मानलं आहे. फ्रीलान्सरने आपलं काम या दारातूनच मांडावं.

समजा, सांगलीतल्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी दवाखाना नव्या जागेत हलवला आहे. गूगल मॅप्सवर खूण अजून जुन्या गल्लीत आहे. तिथला लँडलाइन नंबर बंद पडला आहे. वेळ सकाळी १० ते रात्री ८ अशी सलग दिसते, आणि पाटीवर मात्र १० ते १ आणि ५ ते ८ आहे. तापाने फणफणलेलं मूल घेऊन एखादी आई दुपारी अडीचला येते, आधी चुकीच्या गल्लीत आणि मग बंद दारापाशी. हे पाहिलेल्या फ्रीलान्सरने लिहावं ते असं:

‘विषय: गूगल मॅप्सवर आपल्या दवाखान्याचा जुना पत्ता दिसतो

मॅडम, नमस्कार.

मी सांगलीतच राहतो आणि दवाखाने व लहान संस्थांची वेबसाइट आणि गूगलवरची माहिती सांभाळण्याचं काम करतो. मॅप्सवर आपला दवाखाना अजून जुन्या जागी दाखवला आहे, दिलेला फोन बंद आहे आणि दुपारची सुट्टी नोंदलेली नाही. ही दुरुस्ती आपल्याकडचं कोणीही करू शकेल. पायऱ्या खाली लिहिल्या आहेत. मी करावी असं वाटल्यास एकदाचे ३,००० रुपये होतील. हे शुल्क कामाचं आहे, पेशंटच्या संख्येशी त्याचा संबंध नाही. पेशंटची कोणतीही माहिती मला लागणार नाही. आपण वाचून होकार दिल्याशिवाय एकही ओळ प्रसिद्ध होणार नाही.

सवडीने कळवावं. नको असेल तर तेवढंच लिहा, मी पुन्हा मेल करणार नाही.’

खाली त्याचं खरं नाव, फोन आणि आधी केलेल्या कामाचा एक दुवा असावा. हे काम दुसऱ्या डॉक्टरचं असेल, तर ते दाखवायला त्यांची परवानगी घेतलेली असावी.

या मेलमध्ये गूगलवर पहिला नंबर मिळवून देण्याचं वचन नाही. स्थानिक शोधात वरचा क्रमांक पैसे देऊन किंवा विनंती करून मिळत नाही, असं गूगलच सांगतं. शोधणाऱ्याला काय हवं आहे, तो किती अंतरावर आहे आणि ते ठिकाण किती परिचित आहे, यावर क्रम ठरतो. पुरस्कार मिळवून देण्याची किंवा ‘शहरातील सर्वोत्तम’ असं लिहिण्याची भाषाही यात नाही, कारण ती नियमांच्या थेट आड येते. फुकट करता येणारी दुरुस्ती फुकट सांगून टाकणं अनेक फ्रीलान्सरांना नुकसानीचं वाटतं. पण दोन ओपीडींच्या मधल्या वेळेत मेल उघडणाऱ्या डॉक्टरला त्यातूनच कळतं की या माणसाने आपला दवाखाना खरोखर पाहिला आहे.

होकार आला की पहिला प्रश्न बहुधा रिव्ह्यूंचा असतो, आणि खरी जोखीमही तिथेच आहे. कोणी लिहितं, ‘माझ्या मुलाला इथे नीट तपासलं नाही.’ फ्रीलान्सर उत्साहाने उत्तर देतो, ‘आपल्या मुलाचा दमा जुना असल्याने औषधाला वेळ लागतो.’ या एका वाक्याने ते मूल इथलं पेशंट आहे आणि त्याला कोणता आजार आहे, दोन्ही गोष्टी जगाला कळल्या. पालकांनी स्वतः लिहिलं असलं तरी गुप्तता पाळण्याचं डॉक्टरवरचं बंधन सुटत नाही. सुरक्षित उत्तर रुक्षच असतं: ‘आपला अभिप्राय वाचला. कृपया दवाखान्याच्या फोनवर संपर्क साधावा.’ ती व्यक्ती इथे आली होती की नाही, हेसुद्धा त्यातून कळत नाही. चांगल्या रिव्ह्यूच्या बदल्यात फीमध्ये सूट देणं गूगलच्या धोरणात बसत नाही. खूश पेशंटनाच निवडून रिव्ह्यू मागणंही बसत नाही. पेशंटचा ‘आधी आणि नंतर’चा फोटो टाकायची कल्पना निघालीच, तर ओळख पटेल असा फोटो परवानगीशिवाय छापू नये हा २००२ च्या नियमांचा भाग आहे, हे फ्रीलान्सरने आपणहून सांगावं.

दंतवैद्य, आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांच्या परिषदा वेगळ्या आहेत आणि आचारसंहिताही. त्यामुळे एकच मेल सगळ्यांना पाठवू नये. शंका आली तर मजकूर थांबवावा आणि डॉक्टरांनी आपल्या परिषदेला विचारावं. याचा निर्णय देणं फ्रीलान्सरचं काम नाही.

मेल दवाखान्याच्या जाहीर पत्त्यावर जावा. कुठून तरी मिळवलेल्या खासगी व्हॉट्सॲप नंबरवर तो पाठवू नये. पेशंट म्हणून नंबर लावून केबिनमध्ये शिरणारे फ्रीलान्सरही असतात. बाहेर आजारी मुलं बसलेली असताना त्यांची दहा मिनिटं खाणं हे मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं. उत्तर आलं नाही तर दहाएक दिवसांनी एक आठवण पुरे.

काम ठरलं तरी डॉक्टरांचा पासवर्ड मागू नये. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमध्ये मालक आणि व्यवस्थापक अशा वेगळ्या भूमिका आहेत. मालकी डॉक्टरांच्या ईमेलवर राहावी आणि फ्रीलान्सरने व्यवस्थापक म्हणून आत यावं. दवाखान्याचं प्रोफाइल आधीच्या एजन्सीच्या नावावर असल्याचं नव्या पत्त्याची दुरुस्ती करताना कळतं, तेव्हा मालकी परत मागण्यातच दिवस जातात. म्हणून काम सुरू होण्याआधीच मालकाच्या जागी कोणाचा ईमेल आहे ते डॉक्टरांसमोर उघडून पाहावं, आणि काम संपलं की व्यवस्थापकांच्या यादीतून आपलं नाव काढायला त्यांनाच सांगावं.