गाडी पेट्रोल का ओकते?

सकाळी गाडी काढायला जावं तर कार्बोरेटरखाली फरशीवर ओला डाग असतो आणि पार्किंगभर पेट्रोलचा वास सुटलेला असतो. खाली वाकून पाहिलं की कार्बोरेटरच्या तळातून निघालेल्या बारीक रबरी नळीच्या टोकाला थेंब लोंबताना दिसतो. अशा वेळी बरेच जण त्या नळीलाच दोष देतात. कुणी तिला गाठ मारतं, कुणी तिच्या तोंडात स्क्रू ठोकतं. असं कधीही करू नये. ही नळी बंद केली की जादा पेट्रोल कार्बोरेटरमधून थेट इंजिनाकडे वाहतं.

१ एप्रिल २०२०पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींमधून कार्बोरेटर जवळपास गेला. पण त्याआधी विकल्या गेलेल्या असंख्य गाड्या अजून रस्त्यावर आहेत. त्यांचं वय जसं वाढतं, तशी ही तक्रारही वाढत जाते.

कार्बोरेटरच्या तळाशी एक छोटी वाटी असते. टाकीतलं पेट्रोल आधी तिच्यात उतरतं आणि तिथून जेटमधून इंजिनाकडे जातं. वाटीत एक फ्लोट तरंगत असतो. घरावरच्या पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक जसं काम करतो, अगदी तसंच त्याचं काम चालतं. पेट्रोल चढलं की फ्लोट वर येतो, त्याच्यावरची छोटी पट्टी एका टोकदार नीडलला वर ढकलते आणि ती नीडल पितळी सीटमध्ये बसून पेट्रोलची वाट अडवते. नीडलच्या टोकाला बहुधा रबराचा शंकू असतो आणि मागच्या बाजूला स्प्रिंगवर हलणारी बारीक पिन असते. नीडल पूर्ण बसली नाही तर पेट्रोल चढतच राहतं. म्हणून वाटीच्या आत एक उभी पितळी नळी ठेवलेली असते. पातळी तिच्या तोंडापर्यंत पोचली की जादा पेट्रोल तिच्यातून खाली वाहून जातं. हीच ओव्हरफ्लोची नळी.

गाडी खोलण्याआधी एक चाचणी करावी. इंजिन थंड असू द्यावं, गाडी डबल स्टँडवर लावावी, पेट्रोल कॉक बंद करावा आणि नळीखाली बाटली धरून बघत बसावं. गळती थोड्या थेंबांतच थांबली तर पातळी उभ्या नळीच्या तोंडाखाली उतरली, एवढाच त्याचा अर्थ. दोष नीडलचा, फ्लोटचा किंवा फ्लोटच्या उंचीचा आहे. पण कॉक बंद असूनही थेंब पडतच राहिले आणि शेवटी वाटी रिकामी झाली, तर नीडलचा काही संबंध नाही. वाटीचा ड्रेन स्क्रू सैल असेल किंवा आतली पितळी नळी चिरली असेल. कित्येक कार्बोरेटरमध्ये ड्रेन स्क्रूचं पेट्रोलही याच नळीतून बाहेर पडतं, त्यामुळे बाहेरून दोन्ही दोष सारखेच दिसतात. ही चाचणी न करता कार्बोरेटर किट विकत आणणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं आहे.

दोष नीडलच्या बाजूला असेल तर पहिला संशय कचऱ्याचा घ्यावा. बरीचशी प्रकरणं इथेच मिटतात. टाकीतल्या गंजाचा कण किंवा जुन्या पेट्रोल पाइपाच्या रबराचा तुकडा नीडल आणि सीटच्या मध्ये अडकतो. गाडी कित्येक महिने उभी असेल तर पेट्रोल आटून त्याचा चिकट थर बनतो आणि नीडल जागीच चिकटते. वाटीच्या बाजूला स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच दोन-चार ठोके द्यावेत, ड्रेन स्क्रू सोडून वाटी बाटलीत रिकामी करावी, स्क्रू आवळून कॉक परत उघडावा. नव्या पेट्रोलच्या धारेने कण निघून गेला तर गळती तिथेच थांबते. काही दिवसांनी परत सुरू झाली तर मात्र कचरा वरून येत राहतोय, असं समजावं. अशा वेळी कार्बोरेटर कितीही साफ केला तरी उपयोग नाही. टाकी धुवावी, कॉकवरची जाळी पाहावी, पाइप बदलावा.

तरीही थांबत नसेल तर वाटी उघडावी लागते. नीडलच्या शंकूवरून नख फिरवून पाहावं. खाच नखाला अडली तर नीडल बाद झाली. पितळी सीट कापसाच्या काडीने पुसावी, पॉलिश पेपर मात्र तिथे अजिबात लावू नये. फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत पेट्रोल खळखळलं तर फ्लोट फुटला आहे. तो जड होऊन बुडतो आणि नीडलपर्यंत पोचतच नाही.

खरी फसगत होते ती उंचीत. ओळखीतल्या एका दीडशे सीसी गाडीची नीडल झिजली होती. दुकानातून किट आणून नवी नीडल बसवली, तर गळती आधीपेक्षा वाढली. साइड स्टँडवर तर धारच लागायची. मग कार्बोरेटर उलटा करून मोजमाप घेतलं. वाटीचं गॅस्केट काढलं, फ्लोटची पट्टी नीडलच्या पिनेला नुसती टेकेल, स्प्रिंग दबणार नाही, इतपत कार्बोरेटर तिरपा धरला आणि गॅस्केट बसते त्या कडेपासून फ्लोटच्या सर्वांत लांबच्या कडेपर्यंतचं अंतर घेतलं. त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये १४ मिलिमीटर दिलं होतं, प्रत्यक्षात भरलं ११.५. किटमधली नीडल मूळ नीडलपेक्षा किंचित आखूड होती.

इथे भलेभले चुकतात. आकडा कमी म्हणजे पेट्रोल कमी, असं वाटतं, पण प्रकार नेमका उलटा आहे. कार्बोरेटर उलटा धरून मोजल्यामुळे आकडा कमी भरला, म्हणजे फ्लोट कार्बोरेटरच्या अंगाला जास्त जवळ आला. सरळ स्थितीत तो तितकाच जास्त वर चढल्याशिवाय नीडल बंद होणार नाही. त्या गाडीत पातळी उभ्या नळीच्या तोंडाला भिडत होती आणि गाडी साइड स्टँडवर कलली की ओसंडत होती. बारीक पक्कडीने पट्टी नीडलच्या दिशेला केसभर वाकवली, परत मोजलं, परत वाकवली. १४ भरल्यावर गळती थांबली. फ्लोटला बोटाने दाबून पट्टी वाकवू नये, फ्लोटची पिन आणि तिचे नाजूक खांब मोडतात. काही गाड्यांत पट्टी प्लॅस्टिकचीच असते, ती वाकत नाही. तिथे योग्य मापाची नीडल आणि फ्लोट बदलणं एवढाच मार्ग. पातळी गरजेपेक्षा खाली गेली तरी त्रास होतोच. वेगात गाडीला पेट्रोल अपुरं पडतं आणि ती अडखळते.

रात्रभर गळलं असेल तर सकाळी किक मारण्याआधी इंजिन ऑइलची पातळी बघावी. ती वर चढलेली असेल किंवा ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल सिलिंडरमधून खाली उतरलेलं आहे. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगचं रक्षण करू शकत नाही, म्हणून ते बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. किक अडकत असेल तर जोर लावू नये. सिलिंडरमध्ये पेट्रोल साचलं असण्याची शक्यता असते, म्हणून आधी स्पार्क प्लग काढून ते बाहेर येऊ द्यावं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत साचून राहते, त्यामुळे हे सगळं काम उघड्यावर, गरम सायलेन्सर आणि कुठल्याही ठिणगीपासून लांब करावं. गळणारी गाडी घरात किंवा जिन्याखाली उभी करू नये. दुरुस्ती होईपर्यंत गाडी लावताना कॉक दर वेळी बंद करावा.