तेवढ्याच मंगलाष्टका हव्यात

लग्नाची फिल्म तयार झालेली असते. एक तास अठ्ठावन्न मिनिटं आणि वीस सेकंद. हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं टाइमलाइनवर ओळीने लागलेलं. आणि मग मुलीच्या वडिलांचा फोन येतो, "दादा, आमच्या ताईंना लग्नाला येता आलं नाही. त्यांना तेवढ्या मंगलाष्टका पाठवता येतील का?"

मागणी पाच मिनिटांची असते. त्यासाठी सबंध फिल्म रेंडर करायची गरज नसते आणि टाइमलाइनवरचं बाकीचं काही खोडायचीही नसते. संकलनाच्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये याची सोय आहे. जिथून हवं तिथे एक खूण करायची, तिला इन पॉइंट म्हणतात. जिथपर्यंत हवं तिथे दुसरी, तो आउट पॉइंट. मग सॉफ्टवेअरला सांगायचं, एवढ्याचीच फाइल कर. कीबोर्डवर `I` आणि `O` ही दोन अक्षरं त्यासाठी ठरून गेली आहेत. डाविंची रिझॉल्व्ह असो की प्रीमिअर प्रो, दोन्हीकडे तीच चालतात.

हे शब्द संगणकावरच्या टाइमलाइनपेक्षा जुने आहेत. फितीवरून फितीवर संकलन व्हायचं, तेव्हा कुठल्या क्षणापासून कुठल्या क्षणापर्यंत नक्कल उतरवायची हे यंत्राला सांगावं लागे. सीबीएस आणि मेमोरेक्स या दोन अमेरिकी कंपन्यांनी मिळून काढलेल्या सीएमएक्सने १९७१ मध्ये संगणकावर चालणारी संकलन यंत्रणा आणली. पुढे याच कंपनीच्या नावाने ओळखली जाणारी संकलनाची यादी जगभर रूढ झाली. त्या यादीच्या प्रत्येक ओळीत चार वेळा लिहिलेल्या असतात: मूळ फितीवरचा इन आणि आउट, नव्या फितीवरचा इन आणि आउट. आज लग्नाची फिल्म कापणारा मुलगा `I` दाबतो तेव्हा तो तीच जुनी नोंद करत असतो.

आता मंगलाष्टकांकडे येऊ. समजा काम रिझॉल्व्हमध्ये आहे आणि टाइमलाइन सेकंदाला २५ फ्रेमची आहे. रिझॉल्व्हचा टाइमकोड सहसा शून्यापासून नव्हे, ०१:००:००:०० पासून सुरू होतो. म्हणून फिल्मच्या एकेचाळिसाव्या मिनिटाला येणारी गोष्ट पडद्यावर ०१:४१ अशी दिसते. नवख्या माणसाला वाटतं की आपण एक तास चुकलो. टाइमकोडातली शेवटची दोन आकडी जोडी फ्रेमची. ती ०० ते २४ चालते आणि मग सेकंद एकाने पुढे सरकतो.

भटजींचा पहिला स्वर ०१:४१:१२:२० च्या आसपास लागतो. बरोबर तिथेच इन लावला तर क्लिप धाडकन उघडते, पाहणाऱ्याला आपण कुठे आहोत हे कळायच्या आत मंगलाष्टक सुरू झालेलं असतं. म्हणून थोडं मागे यावं. अंतरपाट धरला जातो, मंडपातली कुजबुज थांबते, तो अर्धा सेकंद तरी असू द्यावा. इन पडतो ०१:४१:१२:०८ वर.

शेवट ठरवणं जास्त अवघड. शेवटचं "सावधान" झालं म्हणजे मंगलाष्टका संपल्या, पण पाहणाऱ्याच्या लेखी त्या संपलेल्या नसतात. अंतरपाट खाली येतो, अक्षता पडतात, वाजंत्री सुरू होते, हार घातले जातात. लांबच्या ताईला खरं तर तेच पाहायचं असतं. दुसरा हार गळ्यात पडतो तो शॉट ०१:४६:०३:१४ ला संपतो. आउट तिथे.

लांबी किती झाली? वजाबाकी केली तर चार मिनिटं, एकावन्न सेकंद आणि सहा फ्रेम येतात. सॉफ्टवेअर मात्र सात फ्रेम दाखवतं. चूक कोणाचीच नाही. "एक ते पाच तारखेपर्यंत सुट्टी" म्हटलं की आपण पाच दिवस मोजतो. "एक ते पाच वाजेपर्यंत दुकान बंद" म्हटलं की चार तास. रिझॉल्व्ह आणि प्रीमिअर आउट पॉइंट तारखेसारखा मोजतात: ज्या फ्रेमवर प्लेहेड उभा आहे ती फ्रेमसुद्धा आत. सीएमएक्सच्या जुन्या यादीत आउट घड्याळासारखा मोजला जातो, तिथे लिहिलेली शेवटची फ्रेम बाहेर.

या एका फ्रेमनेच बहुतेक क्लिपांचा शेवट बिघडतो. संकलक खाली-बाणाची कळ दाबून पुढच्या कटवर उडी मारतो आणि लगेच `O` दाबतो. पण उडी मारल्यावर प्लेहेड पुढच्या शॉटच्या पहिल्या फ्रेमवर येऊन थांबलेला असतो. ती फ्रेम आत येते. हार गळ्यात पडतो आणि अगदी शेवटी एक पंचविसांश सेकंद पंगतीतला वाढपी चमकून जातो. संगणकावर चालू व्हिडिओत ते कदाचित डोळ्यातून निसटेल, पण फोनवर व्हिडिओ संपला की बऱ्याचदा शेवटचीच फ्रेम गोठून राहते. मग ताईंच्या पडद्यावर नवरा-नवरीऐवजी तो वाढपीच उभा. उपाय सोपा आहे. कटवर उडी मारल्यावर डावा बाण एकदा दाबावा, एक फ्रेम मागे यावं, मग `O`. एकच शॉट हवा असेल तर त्यावर प्लेहेड ठेवून `X` दाबलं की त्याच्या दोन्ही टोकांना खुणा बरोबर बसतात.

सुरुवातीलाही असाच एक खड्डा आहे. दोन शॉट एकमेकांत विरघळवले असतील आणि इन त्या विरघळण्याच्या मधोमध पडला, तर पहिल्या फ्रेममध्ये आधीच्या शॉटची सावली राहते. नवरीच्या चेहऱ्यावर गौरीहराच्या समया तरंगताना दिसतात. पाठवल्यावर व्हिडिओचं छोटं चित्र बहुधा सुरुवातीच्याच फ्रेमचं तयार होतं, त्यामुळे हा दोष न उघडताच दिसतो. इन त्या विरघळण्याच्या पलीकडे न्यावा.

आवाजाला तर या खुणा कात्रीसारख्या लागतात. चित्र आणि ध्वनी दोन्ही एकाच ठिकाणी तुटतात. फिल्ममध्ये सनईचा स्वर पुढच्या शॉटवर सहा-सात सेकंद रेंगाळत ठेवलेला असतो. आउटवर तो मधेच कापला जातो आणि कानाला टचकन लागतो. इथे ध्वनीला हळूहळू उतरवणारा फेड द्यावाच लागतो. पण तो मूळ टाइमलाइनवर दिला तर मोठ्या फिल्ममध्येही सनई तिथेच विझेल. म्हणून टाइमलाइनची नक्कल करावी, तिला "मंगलाष्टका" असं स्पष्ट नाव द्यावं आणि फेड त्या नकलेवर द्यावा. घाई कितीही असो, ही पायरी गाळू नये.

पुढचं काम थोडं. रिझॉल्व्हच्या डिलिव्हर पानावर टाइमलाइनच्या वर `Render` असं लिहिलेलं असतं आणि शेजारी `Entire Timeline` किंवा `In/Out Range` हा पर्याय दिसतो. दुसरा निवडावा, मग `Add to Render Queue`. प्रीमिअरमध्ये एक्स्पोर्टच्या पानावर `Range` मध्ये `Source In/Out` निवडायचं. रिझॉल्व्हच्या रांगेतलं प्रत्येक काम आपापल्या खुणा लक्षात ठेवतं, त्यामुळे हळद, मंगलाष्टका आणि सप्तपदी असे तीन तुकडे एकामागून एक रांगेत टाकून रात्री रेंडर लावून झोपता येतं.

सेकंदाला १६ मेगाबिट, म्हणजे २ मेगाबाइट, असा दर ठेवला तर सबंध फिल्म सुमारे १४ जीबी होते आणि मंगलाष्टकांची फाइल ५८० एमबीच्या आसपास.

इथे कोणी विचारेल, तयार झालेली मोठी एमपी४ फाइलच फोनवर कापून का पाठवू नये? कारण अशा फाइलीत प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं. अधूनमधून एक पूर्ण चित्र असतं आणि मधल्या चित्रांसाठी फक्त काय बदललं तेवढंच. ती पुन्हा न दाबता कापायची तर सुरुवात पूर्ण चित्रावरच करावी लागते, आणि ते हव्या त्या फ्रेमवर नेमकं असेलच असं नाही. हव्या त्या फ्रेमवर कापायची तर तुकडा पुन्हा दाबला जातो आणि दुसऱ्यांदा दाबलेल्या चित्रात शालूची जर, हारातली फुलं पुसट होतात. टाइमलाइनवरून काढलेली क्लिप कॅमेऱ्याच्या मूळ चित्रणातून बनते आणि एकदाच दाबली जाते.

एक मर्यादाही सांगायला हवी. इन-आउट फक्त वेळ कापतात, चौकट नाही. आडव्या टाइमलाइनवरून आडवीच क्लिप निघेल; फोनसाठी उभी हवी तर उभ्या मापाची वेगळी टाइमलाइन करून प्रत्येक शॉट त्यात बसवावा लागतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र दुसऱ्या दिवशी होते. खुणा आपोआप जात नाहीत, त्या टाइमलाइनवर तशाच राहतात. संकलक सकाळी संपूर्ण फिल्म रेंडरला लावतो, खुणा अजून मंगलाष्टकांवर असतात, आणि पेनड्राइव्हवर चार मिनिटं एकावन्न सेकंदांची फिल्म जाते. उलटही घडतं. इन लावला आणि आउट राहिला, तर रेंडर टाइमलाइनच्या शेवटापर्यंत चालतो. शेवट कुठे आहे, हे सॉफ्टवेअर सर्वांत शेवटचा तुकडा पाहून ठरवतं. चाचणीसाठी टाकलेला दोन सेकंदांचा आवाज पार तिसऱ्या तासावर विसरला असेल, तर फिल्म संपल्यावर तासभर काळा पडदा रेंडर होत राहतो. म्हणूनच अनेक जाणकार संपूर्ण फिल्म काढतानाही पहिल्या आणि शेवटच्या फ्रेमवर इन-आउट लावतात. ही सवय चांगली आहे, कारण त्यात शेवट कुठे आहे हे माणूस ठरवतो.

रेंडरचं बटण दाबण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात. एक, एक्स्पोर्टच्या पानावर दाखवलेली लांबी अपेक्षेइतकीच आहे का. दोन, `Shift+I` आणि `Shift+O` दाबून दोन्ही टोकांना जाऊन यावं आणि त्या दोन फ्रेम नीट डोळ्यांनी पाहाव्यात. मंगलाष्टकांची फाइल पाठवून झाली की रिझॉल्व्हमध्ये `Alt+X`, मॅकवर `Option+X`, आणि विंडोजवरच्या प्रीमिअरमध्ये `Ctrl+Shift+X` दाबून खुणा काढून टाका. मगच मोठी फिल्म रेंडरला लावा.