शंभरातल्या नेमक्या कोणत्या वस्तू घ्यायच्या?

निन्टेन्डोचा ‘सुपर मेट्रॉइड’ हा 1994 सालचा व्हिडिओ गेम पुरा केला की शेवटी पडद्यावर एक ओळ येते: YOUR RATE FOR COLLECTING ITEMS IS, आणि तिच्याखाली टक्केवारी. झेबेस नावाच्या ग्रहावर जागोजागी वस्तू लपवलेल्या आहेत आणि त्यातल्या तुम्ही किती शोधल्या, हे ती ओळ सांगते. त्या वस्तू बरोब्बर शंभर आहेत, म्हणजे एक वस्तू उचलली की एक टक्का. त्याच शेवटात खेळ तुमचा वेळही मोजतो. तीन तासांच्या आत काम फत्ते केलं, तर नायिका सेमस चिलखत उतरवून समोर येते. एकाच खेळात टक्के आणि वेळ असे दोन्ही हिशेब असल्यामुळे स्पीडरनिंग, म्हणजे खेळ कमीत कमी वेळात संपवण्याची स्पर्धा, समजून घ्यायला याच्याइतका सोयीचा खेळ दुसरा नाही.

स्पीडरनिंगच्या विक्रमांची यादी उघडली की एकाच खेळासमोर वेगवेगळ्या कॅटेगरी दिसतात. त्यातली जवळजवळ प्रत्येक खेळाला असते ती ‘एनी पर्सेंट’. नवख्या प्रेक्षकाला वाटतं की यात वस्तू कमीत कमी घ्यायच्या असतात. तसं नाही. एनी पर्सेंटचा नियम एवढाच की खेळाचा शेवट गाठा. वाटेत टक्के किती जमले, हे कोणी विचारणार नाही. पाच टक्के असोत की पन्नास, घड्याळ काय म्हणतं तेवढंच बघायचं. ‘हंड्रेड पर्सेंट’मध्ये शंभरच्या शंभर वस्तू गोळा करूनच शेवट गाठावा लागतो. आणि वस्तू कमीत कमी घेण्याची हौस असणाऱ्यांसाठी ‘लो पर्सेंट’ ही तिसरी, अगदी वेगळी कॅटेगरी आहे.

टक्क्यांची सक्ती नाही म्हटल्यावर प्रत्येक वस्तूपाशी रनरला हिशेब करावा लागतो. सुपर मेट्रॉइडमध्ये वस्तू उचलली की खेळ थांबतो, वस्तूचं नाव झळकतं, छोटी धून वाजते आणि सुमारे सहा सेकंद जातात. वाट वाकडी करून तिथवर जाण्याचा वेळ वेगळाच. वस्तू घ्यायची ती हे सगळे सेकंद ती पुढे परत मिळवून देणार असेल तरच. ‘स्पीड बूस्टर’ने सेमस सुसाट धावते, पुढच्या लांबलचक दालनांमध्ये तो स्वतःची किंमत कितीतरी पटींनी फेडतो, म्हणून तो घेतात. ‘स्प्रिंग बॉल’, ‘एक्स-रे’ आणि ‘ग्रॅपल बीम’ ही तिन्ही साधनं साध्या खेळाडूला हवीहवीशी वाटतात, पण रनर त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्या साधनांनी जी कामं होतात, ती उड्यांच्या कसबानेही होतात. असा हिशेब करत शेवटी येणारा आकडा साधारण वीस ते तीस टक्क्यांच्या मध्ये पडतो. तो कोणी ठरवून गाठलेला नसतो.

हे कसब जवळून बघण्यासाठी ‘सुपर मिसाइल’चं उदाहरण घेऊ. हिरवी दारं उघडायला ती लागतात, म्हणजे ती टाळणं शक्य नाही. खेळ बनवणाऱ्यांनी आखलेल्या वाटेने गेलं तर ‘स्पोर स्पॉन’ नावाच्या राक्षसाला मारल्यावर पहिली सुपर मिसाइल हाती लागतात. त्याच भागात दुसऱ्या एका खोलीतही ती ठेवलेली आहेत, पण तिथे झपकन खाली येणारी फाटकं आहेत. स्पीड बूस्टरने धावणाराच त्यांच्याखालून निसटावा, अशी मूळ योजना. रनर मात्र बूस्टर नसतानाच तिथे जातात. सेमसला अंगाची मुटकुळी करून चेंडूसारखं घरंगळता येतं. एरवी चेंडू झाल्यावर पळण्याचा वेग गळून पडतो. पण पळताना उडी मारून, जमिनीला टेकण्याच्या नेमक्या क्षणी चेंडू होऊन पुढचं बटण योग्य वेळी दाबलं, तर पळण्याचा वेग चेंडूत तसाच राहतो. याला ‘मॉकबॉल’ म्हणतात. बटण क्षणभर आधी किंवा नंतर दाबलं गेलं की चेंडू रेंगाळतो, फाटक समोर बंद होतं आणि मागे जाऊन पुन्हा सुरुवात करावी लागते. चुकलं हे प्रेक्षकालाही लगेच कळतं. जमलं तर स्पोर स्पॉनची आख्खी लढाई वाचते.

नको असूनही घ्यावी लागणारी वस्तू म्हणजे ‘एनर्जी टँक’. सेमसची शक्ती सुरुवातीला 99 असते आणि प्रत्येक टँक तीत शंभराची भर घालतो. शेवटची शत्रू ‘मदर ब्रेन’ लढाईच्या उत्तरार्धात सप्तरंगी किरणांचा झोत सोडते. तो चुकवता येत नाही. अंगावर ‘व्हेरिया सूट’ असला तरी तो तीनशे शक्ती शोषून घेतो. त्यामुळे रूढ मार्गाने खेळणाऱ्याला निदान तीन टँक लागतातच. चौथा घ्यायचा की नाही, हे ज्याच्या त्याच्या हातावर अवलंबून. सराईत रनर मोजकेच टँक घेऊन निघतो, कारण मार बसणारच नाही याची त्याला खात्री असते. नवखा चार-दोन जास्त घेतो, त्यापायी अर्धा-एक मिनिट घालवतो, पण निदान शेवटापर्यंत पोचतो. दोघंही एकाच एनी पर्सेंटमध्ये, एकाच यादीत असतात. मला या कॅटेगरीतली सर्वात सुंदर गोष्ट हीच वाटते. वाट प्रत्येकाने आपल्या कुवतीप्रमाणे आखायची आणि त्या आखणीबद्दल नियमाने चकार शब्द काढायचा नाही.

लो पर्सेंटमध्ये हे स्वातंत्र्य संपतं. सुपर मेट्रॉइडची प्रसिद्ध लो पर्सेंट कॅटेगरी चौदा टक्क्यांची आहे. शंभरातल्या फक्त चौदा वस्तू, त्यातही स्पीड बूस्टर आणि ‘आइस बीम’ यांतलं एकच काहीतरी निवडायचं, आणि त्या निवडीवरून तिचे पुन्हा दोन पोटभेद. दारूगोळा तुटपुंजा असल्यामुळे राक्षस मरता मरत नाहीत आणि लढाया लांबतात. म्हणूनच वस्तू कमी घेऊनही चौदा टक्क्यांच्या रनला एनी पर्सेंटपेक्षा जास्त वेळ लागतो. कमी सामान म्हणजे कमी वेळ, हा समज इथे मोडतो.

हंड्रेड पर्सेंटचा स्वभाव याच्या उलट. काय घ्यायचं हा प्रश्नच उरत नाही, सगळंच घ्यायचं आहे. सगळी बुद्धी खर्च होते ती कोणत्या क्रमाने घ्यायचं यावर. एखादा कोपरा उघडायला जे साधन लागतं ते हाती येण्याआधी तिथे गेलं, तर त्याच कोपऱ्यात पुन्हा यावं लागतं. फार उशिरा गेलं, तर तेवढ्यासाठी लांबचा हेलपाटा पडतो. शंभर वस्तूंच्या नुसत्या धुना वाजण्यातच दहाएक मिनिटं जातात. ती कोणाच्याच बापाला वाचवता येत नाहीत. निष्णात रनरचं एनी पर्सेंट चाळीस-एक्केचाळीस मिनिटांत होतं, तर हंड्रेड पर्सेंटला सव्वा तासाला थोडा कमी वेळ लागतो.

इथली खरी धास्ती वस्तू विसरण्याची. नव्व्याण्णव टक्क्यांची रन या कॅटेगरीत धरली जात नाही, आणि खेळ आधी काहीच सूचना देत नाही. नकाशावरचे ठिपकेही फसवे, कारण वस्तू उचलल्यावरसुद्धा ते तसेच राहतात. म्हणून मुरलेले रनर शेवटच्या भागात शिरण्याआधी आकडे वाचतात: साधी मिसाइल 230, सुपर मिसाइल 50, पॉवर बॉम्ब 50, शक्ती 1499 आणि राखीव टाक्यांत 400. मिसाइल 225 दिसली, तर एक पुडकं कुठेतरी राहिलं आहे.

शंभर टक्के म्हणजे नक्की कशाचे, हेही ठरवावं लागतं. खेळाच्या शेवटी ग्रह फुटायला तीन मिनिटं उरलेली असतात. पळ काढताना थोडी वाट वाकडी केली तर काही प्राणी वाचवता येतात. भिंतीवरून उड्या कशा मारायच्या आणि वेग साठवून आकाशात झेप कशी घ्यायची, हे खेळात आधी सेमसला शिकवणारे तेच हे प्राणी. पण खेळाच्या मोजणीत ते नाहीत, म्हणून हंड्रेड पर्सेंटमध्येही त्यांना वाचवणं सक्तीचं नाही. ‘गेम्स डन क्विक’ या देणगी गोळा करणाऱ्या स्पीडरनिंगच्या कार्यक्रमात प्राण्यांना वाचवायचं की मरू द्यायचं, यावर प्रेक्षक पैसे लावून कौल देतात. कौल वाचवण्याचा लागला की रनर ते काही सेकंद खुशाल सोडतो.

सुपर मेट्रॉइड निदान टक्केवारी स्वतः देतो. बहुतेक खेळ देत नाहीत, आणि तिथे पूर्णत्वाची व्याख्या रनरमंडळींनाच ठरवावी लागते. ‘सुपर मारिओ 64’ या 1996 च्या खेळात ताऱ्यांची संख्या हे माप झालं. पंधरा दुनियांमध्ये प्रत्येकी सात आणि किल्ल्यात लपलेले पंधरा, असे एकूण 120 तारे. ते सगळे गोळा करणं हे इथलं हंड्रेड पर्सेंट, आणि त्याला निष्णातांनाही दीड तासाहून जास्त वेळ लागतो. शेवटच्या लढाईला जायला मात्र नियमाने 70 तारे पुरतात. त्याहून कमी असतील, तर शेवटच्या दारापुढचा जिना कितीही चढलं तरी संपत नाही.

मग रनरांना बॅकवर्ड लाँग जंप सापडली. मारिओच्या पुढच्या वेगाला खेळाने मर्यादा घातली आहे, मागच्या वेगाला घालायची राहून गेली. जिन्याकडे पाठ करून लांब उडीचं बटण धडाधड दाबलं, की प्रत्येक उडीला मागचा वेग दीडपट होत जातो आणि बघता बघता मारिओ तो न संपणारा जिना मागच्या मागे पार करतो. सत्तरची गरजच संपली. त्यावेळी 16 ताऱ्यांवर गाडी थांबली होती, कारण 15 तारे झाल्यावर तळघरात एक ससा प्रकट होतो. त्याला हातात धरून 30 ताऱ्यांचं बंद दार भेदता येतं, आणि त्या दारापलीकडे आणखी एक तारा घ्यावाच लागत होता. पुढे ससाही टळला, तो ताराही टळला. आज मारिओ 64 चं एनी पर्सेंट शून्य ताऱ्यांचं आहे आणि ते सात मिनिटांच्या आत संपतं.

व्याख्या पहिल्या दिवसापासून एकच होती. खेळातल्या नव्या फटी सापडत गेल्या आणि तिच्यातला खेळ आटत गेला. 120 ताऱ्यांच्या कॅटेगरीचं तसं झालं नाही, कारण कितीही युक्त्या सापडल्या तरी 120 तारे गोळा करावेच लागतात. आटलेल्या वाटा रनरमंडळींनी टाकून दिल्या नाहीत, हे मला फार आवडतं. 16 ताऱ्यांची रन ही आता आपल्या नावाने उभी असलेली कॅटेगरी आहे. 70 ताऱ्यांचीही आहे, आणि तिच्यात मागची उडी वर्ज्य आहे. सुपर मेट्रॉइडवाल्यांनी हाच प्रश्न दुसऱ्या तऱ्हेने सोडवला. खेळाच्या भिंतींबाहेर जाऊन बहुतेक खेळच वगळणाऱ्या रनसाठी त्यांनी निराळी ग्लिचवाली कॅटेगरी काढली आणि नेहमीच्या एनी पर्सेंटमध्ये चारही मोठे राक्षस मारण्याची वाट राखली. त्यामुळे नुसतं ‘एनी पर्सेंट’ हे नाव वाचून भागत नाही. त्या खेळात काय चालतं आणि काय वर्ज्य आहे, ते कॅटेगरीखालच्या नियमांत बघावं लागतं.