दहा रुग्णांची झोप आणि टीचा तक्ता

टी-चाचणीच्या जन्माची कथा दारूच्या कारखान्यातली आहे. तिचे पहिले गाजलेले उदाहरण मात्र झोपेच्या औषधांचे. कुश्नी आणि पीबल्स या संशोधकांनी १९०५ मध्ये अमेरिकेतल्या कलामाझूच्या मनोरुग्णालयातील रुग्णांची झोप मोजून आकडे छापले. डब्लिनच्या गिनेस कारखान्यातल्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहिलेल्या निबंधात तेच आकडे घेतले. दोन औषधांपैकी दुसऱ्याने प्रत्येक रुग्णाला किती तास जास्त झोप दिली, ते असे: १.२, २.४, १.३, १.३, ०, १.०, १.८, ०.८, ४.६, १.४.

आता कागद-पेन्सिल घ्या. बेरीज १५.८, सरासरी १.५८. वर्गांची बेरीज ३८.५८. बेरजेचा वर्ग भागिले दहा म्हणजे २४.९६ त्यातून वजा केले की १३.६२ उरतात. त्यांना नऊने भागून वर्गमूळ काढले की प्रमाण विचलन १.२३ येते. त्याला दहाच्या वर्गमूळाने भागले की प्रमाण त्रुटी ०.३८९. खरा फरक शून्य आहे असे गृहीत धरले, तर टी = १.५८ ÷ ०.३८९ = ४.०६.

गॉसेट यांनी नऊऐवजी दहाने भागले होते आणि तक्ताही वेगळा बांधला होता. दुसरे औषध सरस असण्याची शक्यता त्यांनी ६६६ विरुद्ध १ अशी मांडली. आजच्या तक्त्याचा आराखडा रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या पुस्तकाने रुळवला. त्यात डिग्री ऑफ फ्रीडमची नववी ओळ पाहा: पाच टक्क्यांखाली २.२६२, एक टक्क्याखाली ३.२५०. आपला ४.०६ दोन्हींच्या पुढे जातो.

मला सर्वांत बोलका वाटतो तो नववा रुग्ण, ४.६ वाला. टीला त्यानेच वर चढवले असेल, अशी शंका येते. त्याला वगळले तर सरासरी १.२४ पर्यंत घसरते, पण विचलन त्याहून जास्त घसरते आणि टी ५.६६ होतो. तुटक आकडा पुरावा फुगवतोच असे नाही, कधी दडपतोही. म्हणून आधी आकडे रेषेवर मांडून पाहावेत.

ही रीत आपल्याकडच्या शेतीप्रयोगांत आणण्यात पानसे आणि सुखात्मे यांच्या १९५४ च्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. त्यांपैकी पांडुरंग सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. नांदूरघाटच्या शिवारात सोयाबीनचे दोन वाण दहा शेतांत शेजारीशेजारी पेरले, तर उताऱ्यातील दहा फरकांना हाच हिशेब लागू पडेल. दहाही जोड्या एकाच शेतातल्या असतील, तर निष्कर्ष त्या शेतापुरताच.

निष्कर्ष असा लिहावा: 'दुसऱ्या औषधाने सरासरी १.५८ तास जास्त झोप मिळाली. ९५ टक्के विश्वासाची कक्षा ०.७० ते २.४६ तास; टी = ४.०६, डिग्री ऑफ फ्रीडम ९.' केवळ 'फरक सिद्ध झाला' एवढे लिहून थांबू नका.