घडी कुठे तडकते?

एखाद्या गडद रंगाच्या ब्रोशरची घडी उजेडात धरून पाहा. रंगातून बारीक पांढरे तडे डोकावताना दिसतात. दोष बहुधा शाईला दिला जातो. खरं कारण असतं ते कागदाच्या ग्रेनमध्ये, म्हणजे त्यातल्या तंतूंच्या दिशेत.

१७९९ साली फ्रान्समध्ये निकोला-लुई रोबेर यांनी कागदाच्या यंत्राचं पेटंट घेतलं. तेव्हापासून लगदा सरकत्या जाळीवर पडू लागला आणि बहुतेक तंतू जाळीच्या ओढीच्या दिशेने वळू लागले. हातकागदात कारागीर साचा दोन्ही बाजूंनी हलवतो, त्यामुळे तंतू सगळीकडे विखुरतात आणि ग्रेन जाणवत नाही. यंत्राच्या कागदाची घडी तंतूंना समांतर घातली, तर तंतूंच्या मधली जागा वाकते. आडवी घातली, तर तंतूच मोडतात आणि त्यांच्यावरचा गुळगुळीत लेप फुटतो.

एक उदाहरण घेऊ. ३०० जीएसएम आर्ट कार्डाचं चार पानी ब्रोशर. उघडं १७ × ११ इंच, मिटल्यावर ८.५ × ११. कापणीसाठी चारही बाजूंना थोडा रंग जास्त सोडला की माप १७.२५ × ११.२५ होतं. २३ × ३६ इंचाच्या शीटवर अशी चार सहज बसतात, पण घडी शीटच्या २३ इंची बाजूला समांतर येते. शीट लाँग ग्रेन असेल, म्हणजे तंतू ३६ इंचाच्या दिशेने असतील, तर चारही घड्या ग्रेनला आडव्या पडतात. ब्रोशर फिरवून बसवलं की घडी ग्रेनला समांतर येते, पण शीटमागे तीनच निघतात. १२०० प्रतींना ३०० ऐवजी ४०० शीट लागतात. दोन्ही साधायचं असेल, तर ऑर्डर देतानाच शॉर्ट ग्रेन मागायला हवं.

पाकिटावर ग्रेनची खूण नसेल तर शीट न मोडता, हलक्या हाताने दोन्ही दिशांनी वाकवून पाहावं. ज्या दिशेला ते सहज वाकतं, तिथे वाक ग्रेनला समांतर असतो. खात्रीसाठी त्याच शीटचा तुकडा एका बाजूने ओला करावा; त्याची लगेच गुंडाळी होऊ लागते. तंतू पाण्याने लांबीपेक्षा रुंदीत जास्त फुगतात, म्हणून गुंडाळीचा आस ग्रेनची दिशा सांगतो.

आडवी घडी टाळताच येत नसेल, उदाहरणार्थ दोन दिशांनी मिटणाऱ्या नकाशात, तर घडीच्या आधी क्रीजिंग हवं. क्रीजिंगची पट्टी कार्ड खाचेत दाबते आणि मागच्या बाजूला उंचवटा येतो. खाचेची रुंदी ठरवण्याचा अंदाज असा: पट्टीची जाडी अधिक कार्डाच्या जाडीची दुप्पट. पट्टी ०.७ मिमी आणि कार्ड ०.३ मिमी असेल, तर खाच १.३ मिमी. उंचवटा घडीच्या आतल्या अंगाला यायला हवा. तो बाहेर राहिला तर लेपावर उलट ताण पडतो. लॅमिनेशन तडे झाकतं, पण मोडलेले तंतू सांधत नाही. म्हणून छपाईआधी कोऱ्या कार्डाचा एक तुकडा क्रीज करून मिटावा आणि घडीवर नख फिरवून पाहावं. तिथे खरखर लागली, तर शीट फिरवायला अजून वेळ असतो.